परिच्छेदाचं पहिलं वाक्य आलं कुठून?

पदवीच्या पहिल्या वर्षाला ‘अकॅडेमिक रायटिंग’ शिकवणाऱ्या कुठल्याही वर्गात दोन सूचना हमखास ऐकू येतात. प्रस्तावना संपताना थीसिस स्टेटमेंट, म्हणजे निबंधाचं मुख्य विधान, लिहा. आणि प्रत्येक परिच्छेद टॉपिक सेंटेन्सने, म्हणजे त्या परिच्छेदाचा मुद्दा सांगणाऱ्या वाक्याने, सुरू करा. या सूचना इतक्या सहजपणे दिल्या जातात की चांगले लेखक पूर्वापार असंच लिहीत आले असावेत, असं विद्यार्थ्यांना वाटतं. प्रत्यक्षात परिच्छेदाचा हा नियम जेमतेम एकशे साठ वर्षांचा आहे, आणि तो लेखकांकडून नव्हे, एका तर्कशास्त्राच्या प्राध्यापकाकडून आला.

अलेक्झांडर बेन हा स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनच्या हातमाग विणकराचा मुलगा. १८६० साली अ‍ॅबरडीन विद्यापीठात तर्कशास्त्र आणि इंग्रजी या दोन्ही विषयांचं प्राध्यापकपद त्याच्याकडे आलं. ही जोडी आज विचित्र वाटते, पण पुढचं बरंचसं तिच्यातूनच घडलं. त्याच्यापुढे बसणारी बरीच मुलं आजूबाजूच्या गावांतली होती. त्यांच्या घरची बोली स्कॉट्स, आणि परीक्षा व नोकऱ्या मात्र प्रमाण इंग्रजीत. स्पर्धा परीक्षांचं युग नुकतंच सुरू झालं होतं. इंडियन सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेत बेन स्वतः एका विषयाचा परीक्षक होता. लेखन हा उपजत गुण मानून अशा वर्गाचं भागणार नव्हतं. पाळता येतील असे नियम हवे होते.

१८६६मध्ये त्याचं इंग्रजी रचनेवरचं पाठ्यपुस्तक आलं आणि त्यात परिच्छेदाचे सहा नियम आले. प्रत्येक वाक्याचा मागच्या वाक्याशी संबंध उघड दिसावा. एकच कल्पना पुन्हा मांडणारी वाक्यं शक्यतो एकाच घडणीची असावीत. पहिल्या वाक्यातून, ते उघडपणे तयारीचं वाक्य नसेल तर, परिच्छेदाचा विषय ठळकपणे कळावा. क्रम कुठे तुटू नये. परिच्छेदाला एकच उद्दिष्ट असावं, फाटे फुटू नयेत. मुख्य आणि दुय्यम गोष्टींना त्यांच्या वजनाइतकीच जागा मिळावी. त्याआधीच्या वक्तृत्वशास्त्राच्या पुस्तकांत वाक्यावर आणि संपूर्ण भाषणाच्या बांधणीवर भरपूर चर्चा असे, परिच्छेदाला मात्र स्वतंत्र जागा फारशी नव्हती. ती बेनने दिली. पण हे नियम शेकडो लेखकांचे परिच्छेद मोजून आलेले नव्हते. एका वाक्यात एकच विचार असावा, तसा परिच्छेदातही एकच असावा, अशी ती तर्कशास्त्रज्ञाची वाढवलेली मांडणी होती. ‘तयारीचं वाक्य नसेल तर’ ही सवलत त्याने स्वतः ठेवली होती. पुढच्या शंभर वर्षांत तीच आधी गळून पडली.

नियमाला खरी गर्दी मिळाली ती अमेरिकेत. हार्वर्डने १८७४च्या प्रवेश परीक्षेत छोटा इंग्रजी निबंध सक्तीचा केला. विषय शेक्सपिअर, वॉल्टर स्कॉट, गोल्डस्मिथ यांच्या आधीच जाहीर केलेल्या पुस्तकांतून यायचा. निकालांनी प्राध्यापक हादरले. चांगल्या शाळांतून आलेली मुलंही विरामचिन्हांपासून अडखळत होती. पत्रकारितेतून आलेले अ‍ॅडम्स शर्मन हिल तेव्हा लेखन शिकवत होते. त्यांच्या आग्रहातून ‘इंग्लिश ए’ हा अभ्यासक्रम उभा राहिला आणि १८८५मध्ये तो पहिल्या वर्षाला आला. हार्वर्डचे अध्यक्ष एलियट यांच्या धोरणामुळे बाकी विषय हळूहळू ऐच्छिक होत गेले, हा मात्र सक्तीचाच राहिला. पुढे देशभरच्या महाविद्यालयांनी तो उचलला. पहिल्या वर्षाला सक्तीचं लेखन ही कल्पना मुळात प्रवेश परीक्षेतल्या नापासांतून आली, आणि ‘शाळांनी करायचं काम आम्ही करतोय’ ही कुरकुर तेव्हापासून तिला चिकटली ती आजतागायत.

(त्याच १८७४ साली पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ सुरू झाली. तिचा हार्वर्डशी संबंध काहीच नाही. पण मराठी विद्यार्थ्याच्या मनातला ‘चांगला निबंध’ बराचसा त्या घराण्याचा आहे: लांब, वळणं घेत मुद्द्याकडे येणारा, वाचकाला आधी रंगवून मग पटवणारा. इंग्रजी असाइनमेंटमध्ये ‘पॉइंट कुठाय?’ असा लाल शेरा येतो, तेव्हा बऱ्याचदा आळस नडलेला नसतो. मुलाने हीच सवय प्रामाणिकपणे वापरलेली असते.)

१८९०च्या दशकात बेनचे नियम या अमेरिकी वर्गांत पक्के बसले. हार्वर्डच्या बॅरेट वेंडेल यांनी १८९१च्या पुस्तकात वाक्य, परिच्छेद आणि संपूर्ण लेख या तिन्हींना एकच तीन कसोट्या लावल्या: एकता, सुसंगती आणि महत्त्वाच्या गोष्टीला महत्त्वाची जागा. मिशिगनचे फ्रेड न्यूटन स्कॉट यांनी डेनी यांच्याबरोबर फक्त परिच्छेदलेखनावर पाठ्यपुस्तक लिहिलं. याच स्कॉट यांनी १८९५च्या सुमारास लिहून ठेवलंय की त्या वर्षी त्यांनी तीन हजारांवर निबंध वाचले, आणि त्यातले बहुतेक २१६ विद्यार्थ्यांच्या एका वर्गाचे होते. नियम का टिकला, याचं माझ्या मते निम्मं उत्तर या आकड्यात आहे. इतके कागद वाचणाऱ्याला प्रत्येक परिच्छेदाच्या पहिल्या वाक्यात मुद्दा सापडणं ही मोठीच सोय. नसेल तर समासात एक खूण केली की झालं. युक्तिवाद खरा आहे का, हे तपासायला वेळ लागतो. पहिलं वाक्य तपासायला लागत नाही.

मुख्य विधानाची वंशावळ वेगळी आणि बरीच जुनी आहे. युरोपीय वक्तृत्वात भाषणाच्या आरंभी ‘मला हे सिद्ध करायचंय’ असं सांगण्याची ठरलेली जागा होती. आपल्याकडे न्याय या भारतीय तर्कशास्त्राच्या पंचावयवी वाक्यात पहिली प्रतिज्ञा, म्हणजे सिद्ध करायचं विधान, आणि लगेच हेतू, म्हणजे कारण: पर्वतावर अग्नी आहे, कारण तिथे धूर आहे. विद्यार्थ्यांचं चुकतं ते नेमकं इथे. ते प्रतिज्ञेच्या जागी विषय लिहितात आणि हेतू सोडून देतात.

एक उदाहरण घेऊ. विषय महाराष्ट्राची रोजगार हमी योजना. पहिल्या खेपेला जवळजवळ सगळे लिहितात: ‘रोजगार हमी योजना ही महाराष्ट्राची अत्यंत महत्त्वाची योजना आहे.’ याला कोणी नाही म्हणणार नाही, म्हणजेच सिद्ध करायला काही उरत नाही. पुढचे परिच्छेद मग माहितीचे ढीग होतात: १९७२चा दुष्काळ, योजनेचे जनक वि. स. पागे, १९७७चा कायदा, केंद्राचा २००५चा कायदा. तारखा बरोबर, पण कुठलाही परिच्छेद उचलून कुठेही ठेवला तरी फरक पडत नाही. मुख्य विधान नसल्याची ही सर्वांत भरवशाची खूण.

आता ‘महत्त्वाची कशामुळे, आणि कशाच्या तुलनेत?’ असं विचारलं की विधान बदलतं: ‘रोजगार हमी योजना जुन्या दुष्काळी कामांपेक्षा वेगळी ठरली, कारण तिने काम मागणं हा कायदेशीर हक्क केला आणि त्या हक्कासाठी पैशाची कायम सोय लावली.’ हे नाकारता येतं, आणि त्यातच दोन परिच्छेदांचा सांगाडा आहे. पहिल्याचं पहिलं वाक्य: ‘दुष्काळी कामं सरकारच्या इच्छेवर निघत, १९७७च्या कायद्याने ती इच्छा बंधन केली.’ पुढे पुरावा: मागणी केल्यावर १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. मग पुराव्याचा अर्थ: भत्त्याची तरतूद असल्याने काम न देणं सरकारला फुकटात पडत नाही. दुसऱ्या परिच्छेदात १९७५पासूनचा व्यवसाय कर येतो. शहरातल्या पगारदाराकडून घेतलेला पैसा गावातल्या मजुरीकडे वळला, हे त्यात दाखवायचं. पागे यांचं चरित्र या मांडणीत बसत नाही, ते काढावं लागतं. चांगली माहिती मुद्द्याची नाही म्हणून वगळणं पहिल्या वर्षाला सगळ्यांत जड जातं. आणि राहून जातं ते तिसरं वाक्य, पुराव्याचा अर्थ सांगणारं. तरतूद लिहिली की ती स्वतःच बोलेल असं विद्यार्थी धरून चालतात.

म्हणजे नियम उपयोगी आहे. पण लेखक खरंच तसं लिहितात का? हे मोजलं अमेरिकी लेखन-संशोधक रिचर्ड ब्रॅडॉक यांनी, १९७४मध्ये. ‘अटलांटिक’, ‘हार्पर्स’, ‘न्यूयॉर्कर’ अशा मासिका-साप्ताहिकांतले पंचवीस लेख घेऊन त्यांनी परिच्छेद तपासले. टॉपिक सेंटेन्सने सुरू होणारे परिच्छेद निघाले अवघे १३ टक्के. बाकीच्यांत मुद्दा मध्येच होता, कित्येक परिच्छेदांवर पसरलेला होता किंवा नुसता सूचित केलेला होता. व्यावसायिक लेखक असंच लिहितात, असं विद्यार्थ्यांना सांगू नका, हा त्यांचा निष्कर्ष. त्याच लेखातलं दुसरं मत फारसं कोणी सांगत नाही: ते पंचवीस लेख आणखी स्पष्ट टॉपिक सेंटेन्सने बरेचदा अधिक सुबोध झाले असते, असंही त्यांना वाटत होतं. शिवाय ते मासिकांचे लेख होते. ज्याला विषय माहीत आहे आणि फक्त तुमचा युक्तिवाद पारखायचाय, अशा परीक्षकासाठी ते लिहिलेले नव्हते.

याच सुमारास दुसऱ्या बाजूनेही धक्का बसला. लेखन-संशोधक जॅनेट एमिग यांनी १९७१मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या आठ विद्यार्थ्यांना लिहिताना जवळून पाहिलं. पाठ्यपुस्तकात सांगितलेला क्रम, आधी रूपरेषा, मग विधान, मग परिच्छेद, त्यांच्यात दिसेना. मुलं लिहिता लिहिता विचार करत होती आणि आपला मुद्दा त्यांना मागाहून सापडत होता. यानंतरच्या वर्गांत हळूहळू मसुदे आले. पहिल्या मसुद्यातलं विधान कच्चं धरायचं, लिहून झाल्यावर परत त्याच्याकडे यायचं. बऱ्याच कच्च्या मसुद्यांत खरं मुख्य विधान शेवटच्या परिच्छेदात सापडतं, समारोपाच्या नावाखाली. ते उचलून वर आणायचं आणि बाकीचं त्याच्या मापाने कापायचं.

बेनचा नियमही इथे लिहिण्याच्या आधीच्या टेबलावरून उठून लिहून झाल्यानंतरच्या टेबलावर आला. मसुदा पुरा झाला की प्रत्येक परिच्छेदासमोर दोन गोष्टी लिहायच्या: हा काय म्हणतो, आणि मुख्य विधानासाठी काय करतो. पहिलीचं उत्तर द्यायला दोन वाक्यं लागली तर परिच्छेद फोडायचा. दुसरीचं उत्तर ‘माहिती देतो’ एवढंच आलं तर तो बहुधा काढायचा. मग फक्त पहिली वाक्यं सलग वाचायची. सलग वाचून युक्तिवाद कळला नाही तर दोष क्रमात आहे की त्या वाक्यांत, हे दोन परिच्छेदांची अदलाबदल करून पाहिलं की कळतं.

प्रयोगशाळेच्या अहवालाला यातलं फारसं लागू पडत नाही. तिथे आरंभी प्रश्न येतो, उत्तर निकालांनंतरच्या चर्चेत येतं, आणि पद्धतीच्या परिच्छेदात टॉपिक सेंटेन्स शोधणारा शिक्षक मुलाला उगाच घोटाळ्यात टाकतो. एकाच विद्यार्थ्याला सकाळी भौतिकशास्त्राचा अहवाल आणि दुपारी इतिहासाचा निबंध लिहायचा असतो. लेखनाच्या तासाला मात्र त्याला इतिहासाचाच साचा ‘अकॅडेमिक रायटिंग’ म्हणून शिकवलेला असतो.