सहविचरण सारणीवरून दोन परताव्यांच्या बेरजेचे विचरण

दोन गुंतवणुकींचे परतावे X आणि Y एकमेकांशी निगडित असतील, तर त्यांच्या बेरजेचे विचरण (व्हेरियन्स) नुसत्या दोन विचरणांच्या बेरजेइतके नसते. त्यात सहविचरण (कोव्हेरियन्स) दोनदा मिळवावे लागते:

Var(X + Y) = Var(X) + Var(Y) + 2 Cov(X, Y)

सारणीत कर्णावर विचरणे असतात आणि कर्णाबाहेर सहविचरणे. X आणि Y या दोघांच्याच ओळी व स्तंभ घेतले, की चार चौकटी उरतात. त्या चारही चौकटींची बेरीज म्हणजेच हवे ते उत्तर. सहविचरण दोनदा का, याचा उलगडाही तिथेच होतो.

समजा, अशा सारणीच्या छायाचित्रावरून आकडे वाचायचे आहेत आणि त्यात X चे विचरण १६, Y चे २५ आणि सहविचरण −१२ दिसते. परतावे टक्क्यांत असल्याने ही एकके टक्क्यांचा वर्ग आहेत. बेरजेचे विचरण १६ + २५ − २४ = १७, म्हणजे प्रमाण विचलन सुमारे ४.१२ टक्के. पैसे निम्मे-निम्मे गुंतवले असतील, तर विचरण १७ च्या चौथ्या हिश्श्याएवढे, म्हणजे ४.२५ येते.

अनेक सारण्यांत कर्णाच्या एकाच बाजूचे आकडे छापलेले असतात. एक्सेलच्या डेटा अ‍ॅनालिसिसमधील कोव्हेरियन्स हे साधन नेमके असेच करते. वरचा त्रिकोण रिकामा ठेवते. दिसणारे आकडेच बेरजेत धरले, तर सहविचरण एकदाच मोजले जाऊन २९ हे चुकीचे उत्तर मिळते. छायाचित्राची कड कापली गेली असेल, तरी हाच घोटाळा होतो. सारणी सममित असते, त्यामुळे रिकाम्या चौकटीत समोरचाच आकडा लिहावा.

आकडा नीट वाचला का, हे तपासायला एक मर्यादा हाताशी आहे. सहविचरणाचे निरपेक्ष मूल्य दोन प्रमाण विचलनांच्या गुणाकारापेक्षा मोठे असू शकत नाही. इथे ती ४ आणि ५ आहेत, म्हणून मर्यादा २०. दशांश चिन्ह पुसट होऊन ४.२ चे ४२ वाचले, तर ते लगेच पकडले जाते. ऋण चिन्ह मात्र या चाळणीतून सुटते: −१२ ऐवजी १२ वाचले, तरी आकडा मर्यादेतच राहतो आणि उत्तर १७ ऐवजी ६५ होते. जोखीम जवळपास दुप्पट दिसते, कारण प्रमाण विचलन ८.०६ टक्क्यांवर जाते. अशा वेळी मूळ परताव्यांची मालिका पाहण्यावाचून गत्यंतर नाही. एक वर जाताना दुसरा बहुधा खाली जात असेल, तर चिन्ह ऋण.

कर्णावर सगळीकडे १ दिसला, तर ती बहुधा सहसंबंध गुणांकांची सारणी असते. तिच्यातील गुणांक, इथे −०.६, दोन्ही प्रमाण विचलनांनी गुणल्यावरच −१२ हे सहविचरण मिळते. ती विचलने मात्र दुसरीकडून मिळवावी लागतात.