साखर आजाराची की आधीपासूनची? दवाखान्यात वाढलेल्या साखरेची पार्श्वभूमी

वॉर्डात नातेवाइकांना सांगितले जाते, "यांना डायबेटिस नाही, स्ट्रेसमुळे शुगर वाढली आहे." मराठी घरात 'स्ट्रेस' म्हणजे टेन्शन, म्हणून ऐकणारा समजतो की पेशंट घाबरला, काळजी करत बसला आणि साखर चढली. घरी गेल्यावर काळजी मिटेल, साखरही उतरेल. डिस्चार्ज कार्डावर त्याबद्दल बहुतेकदा एक ओळही नसते. मी गेली अनेक वर्षे अशी कार्डे वाचतो आहे, आणि ही न लिहिलेली ओळ मला सगळ्यात जास्त खटकते.

इथला ताण मनाचा नाही, शरीराचा आहे. हाड मोडणे, न्यूमोनिया, हार्ट अटॅक, मोठे ऑपरेशन, जंतुसंसर्ग रक्तात पसरणे, असे काही घडले की अॅड्रिनलिन, कॉर्टिसॉल आणि ग्लुकॅगॉन हे हार्मोन्स उसळतात. यकृत साखर तयार करून रक्तात सोडू लागते आणि स्नायू इन्सुलिनचे ऐकेनासे होतात. संकटात मेंदूला इंधन कमी पडू नये म्हणून शरीराने केलेली ही जुनी तजवीज आहे.

ती पहिल्यांदा प्रयोगात दिसली फ्रान्समध्ये. क्लोद बेर्नार यांनी १८४९ साली सशाच्या मेंदूच्या तळाशी एका ठरावीक जागी सुई टोचली आणि थोड्याच वेळात त्याच्या लघवीत साखर उतरली. स्वादुपिंडाला हातही न लावता मधुमेहासारखे चित्र तयार झाले होते. पुढे १८७०च्या दशकात, खूप रक्तस्राव झालेल्या प्राण्यांच्या रक्तात साखर वाढते हेही त्यांनी नोंदवले.

मनाच्या ताणाशी ही गोष्ट जोडली गेली ती अमेरिकेत. वॉल्टर कॅनन यांनी १९११ मध्ये दाखवले की भुंकणाऱ्या कुत्र्यासमोर ठेवलेल्या मांजरांच्या लघवीत साखर येते. नंतर त्यांनी हार्वर्डच्या फुटबॉल संघातल्या २५ जणांची लघवी मोसमाच्या शेवटच्या सामन्यानंतर तपासली. १२ जणांत साखर निघाली, आणि त्यांतले पाच राखीव खेळाडू होते, मैदानात उतरलेच नव्हते. म्हणजे 'टेन्शनने साखर वाढते' हे पूर्ण खोटे नाही. पण त्या तरुणांची साखर काही तासांत विरून गेली. वॉर्डात दिवसेंदिवस २०० च्या वर राहणारी साखर वेगळी असते.

त्यानंतर बराच काळ डॉक्टरांनी या साखरेकडे आजाराची सावली म्हणून पाहिले: आजार हटला की ती जाईल. हा समज मोडणारा अभ्यास २००२ साली अटलांटातून आला. गिलेर्मो उम्पिएरेझ आणि सहकाऱ्यांनी एका रुग्णालयातल्या २०३० पेशंटांच्या नोंदी तपासल्या. १२ टक्के पेशंटांना मधुमेहाचा इतिहास नव्हता, तरी साखर वाढलेली होती. या गटात रुग्णालयातच मृत्यू पावलेल्यांचे प्रमाण १६ टक्के होते, तर आधीपासून मधुमेह असलेल्यांत ३ टक्के. साखरेने माणसे दगावली असे यावरून म्हणता येत नाही, ती जास्त गंभीर आजाराची खूणही असू शकते. पण दुर्लक्ष करावे अशी ही गोष्ट नाही, एवढे पक्के झाले.

साखर किती खाली आणायची यावर पुढची काही वर्षे मोठा वाद झाला. २००९च्या नाइस-शुगर या ६१०४ पेशंटांच्या चाचणीत साखर अगदी नॉर्मलला बांधून ठेवलेल्या गटात मृत्यू जास्त निघाले, आणि आता वॉर्डात साधारण १४० ते १८० चे लक्ष्य धरतात. आपल्या विषयासाठी यातून एकच गोष्ट घ्यायची: साखर १८० च्या वर टिकली की इन्सुलिन सुरू होते, मधुमेह असो वा नसो. "इन्सुलिन लागलं, म्हणजे आता जन्मभराचं" ही भीती चुकीची आहे. आणि "इन्सुलिन बंद झालं, म्हणजे डायबेटिस नव्हता" हा दिलासाही तितकाच चुकीचा.

मग खरे काय ते ओळखायचे कसे? २००२ मध्येच स्वीडनमधून या प्रश्नाला नेमके भिडणारे काम आले. हार्ट अटॅक आलेल्या, मधुमेह माहीत नसलेल्या १८१ जणांना तिथल्या डॉक्टरांनी घरी जाताना ग्लुकोज पाजून चाचणी केली. ३१ टक्के लोकांत मधुमेह निघाला आणि ३५ टक्के लोकांत त्याच्या अलीकडची पायरी. शंका साहजिक होती की हा अटॅकचाच परिणाम असेल. म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासले, तेव्हा आकडे २५ आणि ४० टक्के आले. मधुमेह थोडा उतरला, पण दोन्ही वेळा सुमारे दोन तृतीयांश लोकांची साखर बिघडलेलीच होती. आजाराने साखर निर्माण केली नव्हती, आधीपासून आत असलेला दोष आजाराने उघडा पाडला होता.

दुसरी मदत आली एचबीए१सी या तपासणीची. तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर ती मोजते आणि मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. सॅम्युएल रहबर यांनी तेहरानमध्ये १९६०च्या दशकाच्या अखेरीस मधुमेहींत हे वेगळे हिमोग्लोबिन टिपले, पण निदानासाठी अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने ते स्वीकारले २०१० मध्ये. वॉर्डातल्या पेशंटसाठी याचा फायदा मोठा आहे. दोन-तीन दिवस चढलेली साखर या आकड्याला जेमतेम हलवते. म्हणून दाखल होतानाच आकडा ६.५ किंवा वर आला, तर मधुमेह बहुधा आधीपासूनचा आहे. मात्र साखर दोन-तीन आठवडे चढीच राहिली, तर आकडाही खरोखर वर सरकतो. कोविडच्या दुसऱ्या लाटेत आपल्याकडे स्टेरॉइडवर असलेल्या अनेकांच्या बाबतीत हा गोंधळ झाला.

या तपासणीचा खरा घात होतो तो चढवलेल्या रक्तामुळे. एक उदाहरण पूर्ण घेऊ. पेशंट काल्पनिक आहे, पण असे पेशंट दर महिन्याला येतात.

कोल्हापूरचे ५६ वर्षांचे रिक्षाचालक, मोटरसायकलच्या अपघातात मांडीचे हाड मोडले. तासाभरात कॅज्युअल्टीत साखर २३२. पहिला प्रश्न असा की रक्त कुठल्या हातातून घेतले? ग्लुकोजची सलाइन चालू असलेल्या हातातून घेतले, तर आकडा निरर्थक ठरतो. इथे सलाइन लागण्यापूर्वीच घेतले होते. ऑपरेशन झाले, रक्ताच्या तीन पिशव्या लागल्या, चार दिवस इन्सुलिन चालले. पाचव्या दिवशी कोणीतरी एचबीए१सी पाठवले. आले ६.२. "बॉर्डरलाइन आहे, गोड कमी खा," असे सांगून विषय संपणार होता.

पण तीन पिशव्या चढल्यावर त्यांच्या अंगातल्या तांबड्या पेशींपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश परक्यांच्या होत्या. रक्तदाते निरोगी, त्यांचा आकडा ५.३ च्या आसपास धरू. एक भाग ५.३ आणि दोन भाग स्वतःच्या पेशी मिळून ६.२ येत असेल, तर स्वतःच्या पेशींचा आकडा सुमारे ६.७ असला पाहिजे. हा नुसता हिशोब आहे, निदान नव्हे. निदानाचा पुरावा लॅबच्या फ्रिजमध्ये होता. दाखल होताना सीबीसीसाठी घेतलेली जांभळ्या बुचाची नळी तशीच होती. त्याच नळीतल्या रक्तावर एचबीए१सी होते आणि थंड ठेवलेला नमुना साधारण आठवडाभर चालतो. लॅबला फोन केला, तपासणी झाली आणि आकडा आला ६.७. हे रक्त अपघातानंतर तासाभरात घेतलेले होते, तेवढ्यात मोडलेले हाड एचबीए१सी वाढवू शकत नाही.

मी निवासी डॉक्टरांना म्हणूनच आग्रहाने सांगतो की साखर १४० च्या वर दिसली, मधुमेह माहीत नाही आणि रक्त चढणार आहे, तर आधी ती नळी जपा.

तरीही त्याच दिवशी कार्डावर 'मधुमेह' लिहिला नाही. तहान, वारंवार लघवी, वजन घटणे अशी लक्षणे नसतील, तर निदानाला दुसऱ्या तपासणीचा दुजोरा लागतो, आणि तो शरीर शांत झाल्यावर घ्यायचा. लक्षणे असतील, उलट्या असतील किंवा लघवीत कीटोन असतील, तर मात्र आठवडे मोजत बसायचे नाही, उपचार तिथेच सुरू करायचे.

शांत म्हणजे कधी? साधारण सहा ते बारा आठवड्यांनी, पण तारखेपेक्षा अटी महत्त्वाच्या. जखम भरलेली हवी, ताप किंवा जंतुसंसर्ग नको, स्टेरॉइड बंद होऊन काही आठवडे झालेले हवेत. स्टेरॉइडवर असताना उपाशीपोटीची साखर चांगली दिसते आणि दुपारनंतरची चढते, त्यामुळे सकाळच्या एका आकड्यावर फसगत होते. ग्लुकोज पाजून करायच्या चाचणीपूर्वी तीन दिवस रोजचे जेवण, भाकरी-भात धरून, व्यवस्थित चाललेले हवे. आजारपणानंतर पेजेवर असलेल्या माणसाची चाचणी उगाच बिघडलेली येऊ शकते.

कुठली तपासणी, हे दाखल होतानाच्या एचबीए१सी वरून ठरवावे. ६.५ किंवा वर असेल, तर दुजोऱ्यासाठी उपाशीपोटीची साखर आणि गरज पडल्यास ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी. ५.७ ते ६.४ मध्ये असेल, तर ग्लुकोजची चाचणी करावीच असे माझे मत आहे, कारण उपाशीपोटी नॉर्मल आणि दोन तासांनी बिघडलेले लोक याच पट्ट्यात लपतात. ५.७ च्या खाली असेल आणि वॉर्डातली साखर १४० ते १८० मध्येच फिरली असेल, तर उपाशीपोटीची साखर पुरे आणि पुढे वर्षातून एकदा. पण वॉर्डात २०० ओलांडले असेल, तर आकडा कमी असला तरी मी ग्लुकोजची चाचणी मागतो. स्कॉटलंडमधल्या ८६ हजारांहून अधिक पेशंटांचा पाठपुरावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. दाखल होताना साखर ९० च्या आत असलेल्यांपैकी तीन वर्षांत मधुमेह झालेले एक टक्क्याहून कमी होते, २७० च्या आसपास असलेल्यांत सुमारे १५ टक्के. साखर जितकी चढली, तितकी पुढची शक्यता जास्त.

एचबीए१सी बाजूला ठेवावे असे पेशंटही आपल्याकडे बरेच आहेत. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल मोठ्या प्रमाणात आढळतो. अशा पेशंटच्या तांबड्या पेशी लवकर मरतात, साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. लोह कमी असलेल्या बाईचा आकडा उलट थोडा फुगू शकतो. तिथे साखरच मोजायची, उपाशीपोटी आणि ग्लुकोजनंतर.

रिक्षाचालकांच्या डिस्चार्ज कार्डावर म्हणून हे लिहिले गेले: "दाखल होताना साखर २३२, रक्त चढण्यापूर्वीचे एचबीए१सी ६.७. आठ आठवड्यांनी उपाशीपोटी आणि ७५ ग्रॅम ग्लुकोजनंतर दोन तासांनी साखर. एचबीए१सी इतक्यात करू नये." शेवटचे वाक्य मुद्दाम घातले, कारण चढवलेल्या पेशी आणि रक्तस्रावानंतर नव्याने तयार झालेल्या तरुण पेशी आणखी दोन-तीन महिने तो आकडा खाली ओढत राहतात. आठ आठवड्यांनी कुबड्या घेऊन ते आले. उपाशीपोटी १२९, दोन तासांनी २१८. मर्यादा १२६ आणि २००. दोन्ही ओलांडलेल्या होत्या. त्याच दिवशी निदान झाले आणि डोळ्यांचा पडदा तपासण्याची चिठ्ठीही दिली गेली, कारण हा मधुमेह अपघाताच्या किती वर्षे आधीपासून होता, हे कोणालाच सांगता येत नव्हते.