फोटोतील कपड्यांची दुरुस्ती : त्वचेला हात न लावता

लग्नाच्या आणि घरगुती समारंभाच्या फोटोंत अंगावरच्या कपड्याची घडी, डाग किंवा उसवलेली शिवण आमच्या स्टुडिओत दुरुस्त करून दिली जाते. हे काम सांगताना बहुतेक ग्राहकांना एकच धास्ती असते, की कपड्याबरोबर चेहराही गोरा आणि गुळगुळीत होऊन येईल. तसे होऊ नये यासाठी आम्ही काय करतो आणि कोणते काम नाकारतो, ते या पत्रकात दिले आहे.

उदाहरण म्हणून हळदीच्या दिवशीचा वधूपित्यांचा एक फोटो घेऊ. अंगात मोतिया रंगाचा सुती कुर्ता आहे, छातीवर घडीची आडवी खूण आहे, गळपट्टीखाली हळदीचे बोट उमटले आहे आणि डाव्या काखेजवळ मुंढ्याची शिवण उसवून आतला बनियन दिसतो आहे.

पहिले काम म्हणजे कुर्त्याचा मास्क तयार करणे. मास्कच्या आत जे असेल तेवढ्यावरच पुढचा प्रत्येक बदल चालतो. गळपट्टी, बाहीची कड आणि गळ्यातल्या साखळीच्या दोन्ही बाजू मोठ्या करून पाहाव्या लागतात. कड अगदी धारदार ठेवली तर कुर्ता कापून चिकटवल्यासारखा दिसतो, आणि जास्त मऊ ठेवली तर ब्रशचा रंग मानेवर उतरतो. म्हणून एक-दोन पिक्सेलचाच मऊपणा ठेवतो. गळपट्टीची मानेवर पडलेली सावली कपड्यामुळे पडली असली तरी ती त्वचेवर आहे, म्हणून ती मास्कच्या बाहेर राहते.

घडीची खूण म्हणजे मुळात उजेड आणि सावली यांची शेजारी-शेजारी पडलेली पट्टी असते. म्हणून फोटोचे दोन लेअर करतो : एकात रंग आणि उजेड-सावली, दुसऱ्यात कापडाची बारीक वीण. पहिल्या लेअरमधली पट्टी हलक्या हाताने आजूबाजूच्या उजेडाशी मिळवून घेतली, की खूण विरते आणि वीण जागेवर राहते. हीच खूण थेट ब्रशने पुसली तर तिथला सुती पोत जाऊन कापड प्लास्टिकसारखे दिसू लागते. कोपराच्या आणि कमरेच्या चुण्या मात्र आम्ही काढत नाही, कारण त्या शरीराच्या ठेवणीमुळे पडतात आणि त्या गेल्या की माणूस ओळखीचा वाटत नाही.

हळदीचा डाग दिसायला हट्टी असला तरी फोटोत तो बराच सोपा असतो. रंगीत फोटो लाल, हिरव्या आणि निळ्या अशा तीन चॅनलचा बनलेला असतो. हळद निळा प्रकाश शोषून घेते, त्यामुळे पांढरट कापडावर डाग निळ्या चॅनलमध्ये गडद आणि लाल चॅनलमध्ये जवळजवळ नाहीसा असतो. त्यामुळे डागाखालची वीण लाल चॅनलमधून मिळते आणि रंग शेजारच्या स्वच्छ कापडावरून घेता येतो. तेलाचा डाग याहून वेगळा, कारण तो तिन्ही चॅनल काळवंडतो; तिथे रंग न बदलता फक्त उजेड वाढवावा लागतो.

शिवणीचे काम सगळ्यात वेळखाऊ असते. उजव्या मुंढ्याची शिवण उचलून, उलटी करून डावीकडे बसवता येते. पण उजेड उजवीकडून येत असेल तर ती उचललेली बाजू चमकते आणि जोड लगेच उघडा पडतो, म्हणून आधी तिची सावली बदलावी लागते. त्याच वेळी काढलेल्या दुसऱ्या फोटोत हात खाली असून शिवण मिटलेली असेल, तर तिथला तुकडा घेणे केव्हाही चांगले. फटीतून बनियनऐवजी त्वचा दिसत असेल तर ती कापडाने झाकली जाणार असते, म्हणून अशा वेळी आम्ही आधी विचारतो.

काम संपल्यावर मूळ फोटो दुरुस्त फोटोवर ठेवून दोघांतला फरक पडद्यावर पाहतो. जिथे काही बदललेले नाही तिथे शुद्ध काळे दिसते. चेहरा, मान आणि हात पूर्ण काळे दिसले नाहीत तर काम परत घेतले जाते. हे चित्र मागितल्यास ग्राहकांनाही दाखवले जाते.

काही कामे आम्ही घेत नाही. नेटच्या ओढणीतून किंवा बाहीतून त्वचा दिसत असेल, तर कापड आणि त्वचा वेगळी करता येत नाही, म्हणून तिथल्या चुण्या तशाच राहतात. साडीचा रंगही बदलून देत नाही. लाल साडीची लाली हनुवटीखाली उतरलेली असते, आणि साडी हिरवी केली तर ती लाली खोटी दिसते किंवा त्वचेला हात लावावा लागतो. पासपोर्ट आणि ओळखपत्राच्या फोटोंत कपड्यांचीही दुरुस्ती केली जात नाही.

फोटो देताना कॅमेऱ्यातली मूळ फाइल द्यावी. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवल्यास वीण दबून जाते, म्हणून पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. त्याच प्रसंगाचे मागचे-पुढचे दोन-तीन फोटोही सोबत द्यावेत आणि काय काढायचे, काय ठेवायचे ते लिहून द्यावे.