शिक्षानिश्चिती व शिक्षेचे सिद्धांत

शिक्षानिश्चिती : दोष सिद्ध झाल्यानंतर कोणती शिक्षा द्यावयाची व किती, हे न्यायालयाने ठरविण्याची प्रक्रिया. या निर्णयामागे प्रामुख्याने तीन भूमिका असतात. शिक्षेच्या भीतीने गुन्हेगाराने व इतरांनी पुन्हा तसे करू नये, ही प्रतिरोधात्मक म्हणजे जरबेची भूमिका. केलेल्या अपराधाच्या प्रमाणात शिक्षा मिळणे हेच न्याय्य, ही प्रतिशोधात्मक भूमिका. गुन्हेगार बदलून समाजात परत यावा, ही सुधारणात्मक भूमिका. तिन्हींच्या व्याख्या सर्वत्र आढळतात. प्रस्तुत नोंदीत त्यांचा उगम आणि एकाच प्रकरणात त्या एकमेकींशी कशा भिडतात, एवढ्याचाच विचार केला आहे.

उगमाचा प्रश्न : युरोपीय परंपरेत जरबेच्या विचाराची पद्धतशीर मांडणी बेकारिया या इटालियन विचारवंताच्या १७६४ मधील ग्रंथापासून धरतात. शिक्षेच्या क्रूरतेपेक्षा तिची खात्री अधिक परिणामकारक असते, हा त्याचा मुद्दा आजही ग्राह्य धरला जातो. बेंथमने तो पुढे नेला. कांटने १७९७ मध्ये उलट बाजू मांडली : माणसाला इतरांना धडा देण्याचे साधन म्हणून वापरता येणार नाही, शिक्षा द्यायची ती त्याने गुन्हा केला म्हणूनच. प्रतिशोध म्हणजे सूड, हा प्रचलित समज येथे गैरलागू ठरतो, कारण सुडाला माप नसते आणि कांटच्या सिद्धांताचे सारे बळ मापात आहे.

भारतीय परंपरेत हे तिन्ही विचार होते काय, याविषयी एकमत नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात तीक्ष्ण दंडाने प्रजा त्रासते, मृदू दंडाने राजाची अवहेलना होते आणि यथार्ह म्हणजे अपराधाला साजेसा दंड देणाराच पूज्य ठरतो, असे म्हटले आहे. ग्रंथाचा काळ इ. स. पू. चौथ्या शतकापासून इ. स. च्या तिसऱ्या शतकापर्यंत वेगवेगळा सांगितला जातो. र. पं. कंगले यांनी मौर्यकालीन कर्तृत्वाचा पक्ष घेतला. ट्राउटमन यांनी १९७१ मध्ये शब्दवापराच्या गणनेवरून ग्रंथ एका हातचा नसल्याचे दाखविले. आजचा ग्रंथ टप्प्याटप्प्याने सिद्ध झाला असावा, हे मत अधिक पटण्याजोगे आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत (१.३६८) दंड देताना अपराध, देश, काल, बल, वय, कर्म आणि वित्त जाणून घ्यावे असे सांगितले आहे. तिचा काळ पां. वा. काणे इ. स. पू. १०० ते इ. स. ३०० असा धरतात, तर ऑलिव्हेल यांच्या मते ती चौथ्या-पाचव्या शतकातील असावी. वय व परिस्थिती पाहण्याची ही सूचना आजच्या शिक्षानिश्चितीच्या फार जवळची आहे.

खरा वाद मनुस्मृतीतील एका श्लोकाचा आहे. राजाने दंड दिलेले पापी निर्मळ होऊन स्वर्गास जातात, असे तेथे (८.३१८) म्हटले आहे. काही अभ्यासकांना यात सुधारणेचे बीज दिसते. परंतु हा निर्मळपणा प्रायश्चित्ताच्या जातीचा आहे. तेथे पाप फिटते. माणसाची सवय, संगत किंवा उपजीविका बदलण्याचा विचार नाही. त्यामुळे त्याला सुधारणात्मक सिद्धांत म्हणणे ओढूनताणून वाटते. शिवाय या ग्रंथांतील दंड वर्णानुसार बदलतो, हे सांगितल्याशिवाय त्यांची यथार्हता सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मनूने चोरीच्या बाबतीत ब्राह्मणाचा दोष शूद्राच्या आठपट किंवा अधिक मानला असला, तरी अन्यत्र शरीरदंडातून त्याला वगळले आहे.

नमुना प्रकरण : सकाळी सहाच्या सुमारास फिरायला निघालेल्या ६३ वर्षांच्या बाईच्या गळ्यातील मंगळसूत्र दुचाकीवरून एकट्याने आलेल्या तरुणाने हिसकावले. गळ्यावर तारेचा ओरखडा उठला, त्या पडल्या नाहीत. तरुण गॅरेजमध्ये कामाला, घटनेच्या दिवशी वय २० वर्षे, आधीची शिक्षा नाही. तिसऱ्या दिवशी पकडला गेला, निम्मे सोने सापडले. जामीन होईपर्यंत पाच महिने कोठडीत राहिला. निकालाच्या दिवशी त्याचे वय २२ वर्षे आहे.

सिद्धांतांचा विचार शिक्षेच्या सुनावणीत होतो अशी समजूत असते. प्रत्यक्षात निम्मा निर्णय त्याआधी, कलम ठरते तेव्हाच होऊन जातो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हिसकावून चोरी करणे हा कलम ३०४ चा स्वतंत्र गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद व दंड. पूर्वी भारतीय दंड संहितेत तो वेगळा नव्हता; साधी चोरी किंवा जबरी चोरी यांतील एक कलम लावले जाई. मात्र चोरी करण्यासाठी आपखुशीने दुखापत केली असे ठरले, तर ती जबरी चोरी होते आणि न्याय संहितेच्या कलम ३०९(६) खाली शिक्षा जन्मठेपेपर्यंत किंवा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरीची असते. गळ्यावरचा तो ओरखडा दागिना तोडताना ओघात उठला की दागिना मिळावा म्हणून मुद्दाम केला, यावर सारे अवलंबून. जन्मठेपेस पात्र गुन्ह्याला, दोषीला तुरुंगाऐवजी बंधपत्रावर व देखरेखीखाली सोडण्याची सोय करणाऱ्या अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ ची कलमे ४ व ६ लागू होत नाहीत. म्हणजे वैद्यकीय दाखल्यातील एका ओळीने सुधारणेचा मुख्य दरवाजा बंद होऊ शकतो. प्रस्तुत प्रकरणात दोष कलम ३०४ खाली सिद्ध झाला, असे धरू.

जरबेचे उत्तर : सरकारी वकील पूर्ण तीन वर्षे मागतील. सकाळी फिरणाऱ्या बायका गळ्यातले झाकून चालतात, ही भीती खरी आहे आणि तिची दखल घेतलीच पाहिजे. पण हिसकावणारा दोन वर्षे की तीन, असा हिशेब करीत नाही. तो गल्लीत कॅमेरा आहे का आणि दुचाकीचा क्रमांक झाकला आहे का, एवढेच पाहतो. पकडले जाण्याची खात्री तपासातून येते. ती न्यायदंडाधिकाऱ्याच्या हाती नाही, आणि तिची उणीव शिक्षेची वर्षे वाढवून भरून निघत नाही.

प्रतिशोधाचे उत्तर : येथे मोजायचे ते दोन : झालेली हानी आणि दोषाची तीव्रता. दागिना सौभाग्याचा, बाई वयस्क, जागा निर्मनुष्य; हे दोष वाढविते. शस्त्र नाही, टोळी नाही, जखम किरकोळ. हे कमी करते. तीन वर्षांच्या चौकटीत वर्ष-सव्वा वर्षापलीकडे हे प्रकरण जात नाही, असे म्हणता येईल. याचा खरा उपयोग कमाल मर्यादा आखण्यासाठी होतो : शहरात अशा चोऱ्या कितीही वाढल्या, तरी इतरांच्या गुन्ह्यांचे ओझे या तरुणावर टाकता येणार नाही.

सुधारणेचे उत्तर : परिवीक्षा अधिनियमाच्या कलम ६ नुसार २१ वर्षांखालील दोषीला तुरुंगात पाठवायचे असेल, तर न्यायालयाने परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागविला पाहिजे व कारणे लिहिली पाहिजेत. येथे एक बारीक पण निर्णायक मुद्दा आहे. वय गुन्ह्याच्या दिवसाचे की निकालाच्या दिवसाचे? रामजी मिसर विरुद्ध बिहार राज्य (१९६३) या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने खटल्याचे न्यायालय दोषीबाबत आदेश देते तो दिवस धरला. कलमाचा हेतू तरुणाला तुरुंगातील संगतीपासून वाचविणे हा असल्याने तो अर्थ तर्काला धरून आहे. तरीही त्याचा परिणाम असा की खटला रेंगाळल्यामुळे आपल्या तरुणाने कलम ६ चे संरक्षण गमावले. रेंगाळण्यात त्याचा हात असो वा नसो. हे अन्यायाचे आहे.

कलम ४ मात्र शिल्लक राहते. त्याला वयाची अट नाही. चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, कमाल तीन वर्षांसाठी, न्यायालय त्याला सोडू शकते. सोबत किमान एक वर्षाच्या देखरेखीचा आदेश देऊ शकते. त्यासाठी त्याचे किंवा जामीनदाराचे ठरलेले राहण्याचे ठिकाण अथवा नियमित काम त्या हद्दीत असावे लागते. कलम ५ खाली बाईंना भरपाई देता येते. आणि असे सोडायचे नसेल, तर फौजदारी कार्यपद्धती ठरविणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०२ प्रमाणे त्याची विशेष कारणे निकालपत्रात लिहावी लागतात. कायद्याचा कल कोठे आहे, हे यावरून स्पष्ट होते.

कोणाला किती वजन : ब्रिटिश विधितत्त्वज्ञ हार्ट यांनी १९५९ मध्ये शिक्षा ही संस्था कशासाठी आणि ती कोणाला, किती द्यावी, हे प्रश्न वेगळे केले. नॉर्व्हल मॉरिस यांनी पुढे प्रतिशोधाला मर्यादेचे काम दिले : अपराधाला साजेशी वरची हद्द त्याने आखावी, आतली निवड इतर हेतूंनी करावी. नमुना प्रकरणाला हीच रीत लागू पडते. वर्ष-सव्वा वर्षाची हद्द प्रतिशोध आखतो. तिच्या आत सुधारणेला सर्वाधिक वजन द्यावे, कारण गुन्हा पहिला, वय कोवळे आणि हाताला काम आहे. दोन वर्षांचे बंधपत्र, देखरेख, न सापडलेल्या सोन्याच्या किमतीची हप्त्याने भरपाई, असा आदेश येथे योग्य ठरेल. हाच तरुण दुसऱ्यांदा दोषी ठरला किंवा टोळीतून आला (न्याय संहितेचे कलम ११२, एक ते सात वर्षे), तर जरबेचे वजन वाढते. पण तेव्हाही हद्द त्या गुन्ह्याच्या मापानेच आखावी.

प्रत्यक्षात काय बिघडते : वारंवार दिसणारा आदेश म्हणजे ‘भोगलेली कैद हीच शिक्षा’. पाच महिने कोठडीत गेले, आरोपी गुन्हा कबूल करतो, तेवढ्यावर प्रकरण मिटते. यात अहवाल मागविला जात नाही, देखरेख नसते, बाईंना भरपाई मिळत नाही; शिक्षेचे माप जामीन केव्हा झाला यावरून ठरते. तिन्ही सिद्धांतांपैकी एकही येथे वापरलेला नसतो. दुसरा दोष अहवालाचा. चांगल्या अहवालात घरी कोण कमावते, मालक कामावर परत घेईल का, सोने विकून पैसा कोठे गेला, हे भेटी देऊन लिहिलेले असते. ‘वर्तन चांगले, संधी द्यावी’ एवढेच वाक्य असेल, तर अधिकारी घरी गेलेला नाही असे बहुधा समजावे. तिसरा दोष कायद्यातलाच : बंधपत्राची अट प्रथमच मोडल्यास न्यायालय मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकते किंवा पन्नास रुपयांपर्यंत दंड करू शकते. १९५८ ची ही रक्कम आज कोणालाच रोखत नाही.

गंभीर गुन्हे : येथे प्रश्न फाशी द्यावी की नाही, हा असतो. बचनसिंग विरुद्ध पंजाब राज्य (१९८०) मध्ये दोषी सुधारू शकणार नाही हे दाखविण्याची जबाबदारी शासनावर टाकली गेली. मच्छीसिंग (१९८३) निर्णयानंतर लक्ष पुन्हा गुन्ह्याच्या स्वरूपाकडे वळले. संतोषकुमार बरियार विरुद्ध महाराष्ट्र राज्य (२००९) या निर्णयाने ते गुन्हेगाराकडे परत आणले.

महाराष्ट्रात सुधारणेचा सर्वांत धीट प्रयोग कायद्याच्या पुस्तकाबाहेर झाला. औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही भिंती नसलेली वसाहत उभारली. कैदी तेथे शेती करतात व कुटुंबासह राहू शकतात.