मंजुरीची फाईल नेमकी कुठे थांबते?

टोयोटा कंपनीतील अभियंते ताइची ओनो यांनी कारखान्यातील अपव्ययाचे सात प्रकार सांगितले: गरजेपेक्षा जास्त किंवा आधीच केलेले उत्पादन, प्रतीक्षा, वाहतूक, अनावश्यक प्रक्रिया, साठा, अनावश्यक हालचाल आणि दोष. कार्यालयात यंत्रे नसली, तरी मंजुरीसाठी फिरणाऱ्या फाईलच्या मागोमाग चालत गेले की हे सातही प्रकार ओळखता येतात.

रत्नागिरीजवळच्या एका आंबा प्रक्रिया संस्थेचे काल्पनिक उदाहरण घेऊ. मे महिन्यात कॅनिंगला वेग येण्यापूर्वी बॉयलरचे सुटे भाग हवे आहेत. खरेदीचा अर्ज निघाल्यापासून मंजुरी मिळेपर्यंत कामाचे १२ दिवस, म्हणजे ९६ तास गेले. प्रत्येक टेबलावर फाईल कधी आली, कधी उघडली आणि कधी पुढे गेली, याची नोंद एका कागदावर ठेवली, तेव्हा तिच्यावर प्रत्यक्ष काम फक्त ४८ मिनिटे झाल्याचे दिसले. हे प्रमाण एक टक्काही भरत नाही.

उरलेल्या वेळातील सर्वांत मोठा तुकडा व्यवस्थापकांच्या टेबलावर गेला. तिथे ३० फाईली साठल्या होत्या आणि रोज सरासरी पाचच निकाली निघत होत्या. त्यामुळे नव्या फाईलला सहा दिवस थांबणे अटळ होते. प्रतीक्षा आपल्याला जाणवते, पण तिचे मूळ साठ्यात असते, हे या साध्या भागाकारातून कळते. त्यातही हंगामाच्या सगळ्या मागण्या मार्चमध्येच एकगठ्ठा पाठवल्या, तर ढीग वाढतो आणि मंजुरी मिळेपर्यंत काही दरपत्रकांची मुदतही संपते. अकाली केलेल्या कामातून इतर अपव्यय जन्माला येतात, म्हणूनच ओनो त्याला सर्वांत घातक मानत.

आणखी तीन दिवस दोषामुळे गेले. तिसरे दरपत्रक जोडलेले नसल्याने लेखापालांनी फाईल परत पाठवली होती. चूक अर्जदाराची वाटते, परंतु तीन दरपत्रके लागतात हे अर्जाच्या नमुन्यावर कुठेच लिहिलेले नव्हते. दर दहा फाईलींपैकी किती पहिल्याच फेरीत परिपूर्ण येतात, हे महिनाभर मोजले की असा दोष उघडा पडतो. उपाय मात्र आवक टेबलावरच करावा लागतो.

शेवटचे तीन दिवस शिपायाच्या दिवसातून एकदाच होणाऱ्या फेरीत, जुने दर शोधण्यासाठी कपाटापर्यंतच्या खेपांत, एकच मजकूर तीन नोंदवह्यांत उतरवण्यात आणि अशाच किरकोळ थांब्यांत विरले.

येथे एक मर्यादा पाळलीच पाहिजे. लेखापालांची स्वतंत्र तपासणी हा अपव्यय नव्हे, कारण मागणारा आणि पैसे मंजूर करणारा वेगळा असणे हे गैरव्यवहाराविरुद्धचे संरक्षण आहे. शंका येते ती आधीच्या सहीवर विसंबून, मजकूर न वाचता केलेल्या सहीबद्दल. गेल्या वर्षभरात त्या टेबलावरून एकही फाईल शेरा मारून परत आली नसेल, तर ती सही नेमके काय तपासते, हे त्या अधिकाऱ्यालाच विचारावे.