काळोखातले मूग उंच का झाले?

फोंड्याला चौथीत शिकणाऱ्या माझ्या भाचीच्या वहीत एका उत्तरावर लाल फुली होती. झाडाला ऊन लागते, हे घरी प्रयोग करून दाखवायचे होते. तिने मूग पेरले, मोजले आणि जे दिसले ते लिहिले : ‘काळोखातले मूग जास्त वाढले.’ पुस्तकाशी जुळले नाही म्हणून फुली. ‘मामा, मी खरंच पट्टी लावून मोजलं होतं,’ ती रडवेली होऊन म्हणाली. तिचे मोजमाप बरोबरच होते. मग दोघांनी मिळून प्रयोग पुन्हा मांडला. माझ्या मते प्राथमिक शाळेतल्या मुलांसाठी याहून चांगला प्रयोग नाही, कारण उत्तर अपेक्षेच्या उलट येते आणि आठवडाभरात येते.

आमच्याकडे कुंड्या म्हणजे नारळाच्या करट्या. इथेच तिची पहिल्या वेळची एक चूक सापडली. नारळ फोडला की एका करटीला डोळे येतात, दुसरीला नाहीत. तिने एकाच नारळाच्या दोन्ही करट्या घेतल्या होत्या. बिनडोळ्याच्या करटीत पाणी साचून निम्मे मूग कुजले. तेव्हा दोन नारळांच्या डोळ्यांकडच्याच करट्या घ्याव्यात आणि मऊ डोळा खिळ्याने टोचून भोक पाडावे. दोन्हींत एकाच कुंडीतली भुसभुशीत माती भरावी. मूग रात्रभर भिजवून सकाळी न फुगलेले गणंग काढून टाकावेत आणि प्रत्येक करटीत दहा दाणे बोटाच्या अर्ध्या पेराइतके खोल पेरावेत. एकच दाणा पेरला तर तो जात्याच अशक्त होता की काळोखाने तसा झाला, हे कळत नाही.

दोन्ही करट्या खिडकीपाशी शेजारी ठेवाव्यात, पण थेट ऊन नको, नाहीतर भांडे तापून मूग शिजतील. एकीवर स्टीलचा डबा उपडा घालावा. दुसरीवर तेवढ्याच आकाराची पारदर्शक प्लास्टिकची बरणी, म्हणजे ओल दोन्हीकडे सारखी राहते आणि फरक फक्त उजेडाचा उरतो. रोज संध्याकाळी दिवा न लावता दोन-दोन चमचे पाणी. पावसाळ्यात माती ओलीच असेल तर तेही नको. काय होईल याचा अंदाज वहीत आधीच लिहायचा आणि नंतर खोडायचा नाही.

सातव्या दिवशी मोजले. काळोखातले कोंब वाकडे होते, म्हणून प्रत्येकाच्या बाजूने दोरा धरून तो पट्टीवर लावला. उजेडात नऊ रोपे, एकूण ६३ सेंटीमीटर, म्हणजे सरासरी ७. काळोखात आठ रोपे, एकूण १२८, सरासरी १६. पण ही उंच रोपे पिवळट पांढरी, सुतासारखी बारीक, पाने न उलगडलेली आणि मान खाली घातलेली.

एवढे वाढायला अन्न कुठून आले? मुगाची डाळ म्हणजे त्या दाण्याची दोन दले. ती बाळरोपाची शिदोरी. जमिनीखाली रुजलेल्या कोंबाला शिदोरी संपण्याआधी उजेड गाठायचा असतो, म्हणून तो पाने आणि हिरवा रंग बाजूला ठेवून सगळा खर्च लांबीवर करतो. नाजूक शेंडा मातीत खरचटू नये म्हणून मान वाकवून ठेवतो. उजेड आला हे त्याला कळते ते मुख्यतः फायटोक्रोम नावाच्या रंगद्रव्यामुळे. अमेरिकेत बेल्ट्सव्हिलच्या कृषी संशोधन केंद्रात १९५२ साली लेट्यूसच्या बियांवर प्रयोग करताना त्याचा माग लागला. तांबडा प्रकाश पडला की या रेणूचा आकार बदलतो, तो पेशीच्या केंद्रकात शिरतो आणि ‘लांब व्हा’ सांगणाऱ्या प्रथिनांना मोडीत काढतो. अगदी थोडा उजेडही त्याला जाणवतो, म्हणून तर पाणी दिवा न लावता घालायचे.

म्हणजे उंची वाढणे आणि झाड पोसणे या दोन गोष्टी वेगळ्या. काळोखातले रोप नवे अन्न बनवत नाही, शिदोरीच जाळत असते. ती संपली की ते आडवे होते.

नवरात्रात देवासमोर घातलेले रुजवण पिवळेधमक येते तेही याच कारणाने. गाभाऱ्यात उजेड कमी असतो. त्याचा रंग आणि उंची बघून यंदाचे वर्ष कसे जाईल हे सांगणारे लोक आहेत. त्यांनी एकदा रुजवण खिडकीत ठेवून बघावे.

मोजमाप झाल्यावर आम्ही डबा काढून टाकला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत माना सरळ झाल्या, पाने उघडून हिरवी दिसू लागली. भाचीने पुन्हा दोरा लावला. रोज दोन-तीन सेंटीमीटर वाढणारे कोंब दिवसभरात जेमतेम अर्धा सेंटीमीटर वाढले होते. तिने ते वहीत लिहिले आणि लाल फुलीचे पान उलटून, पुढच्या कोऱ्या पानावर वाकलेल्या मानेचे चित्र काढायला घेतले.