आधी विषय कळला, मग शब्द

ग्राहकाची व्हॉइस नोट आली की आधी ती लिहून घ्यायची आणि मग विषय बघून योग्य टेबलावर पाठवायची, हा क्रम आज स्वाभाविक वाटतो. इतिहासात मात्र गाडी उलटी चालली. बोलणं नीट लिहून घेता येण्याच्या कितीतरी आधी त्याचा विषय ओळखता येऊ लागला होता.

‘तक्रारीसाठी एक दाबा, बिलासाठी दोन दाबा’ या पद्धतीत वर्गवारीचं काम ग्राहकाच्याच गळ्यात असतं. १९९०च्या दशकात एटी अँड टीच्या संशोधकांनी ते काढून घ्यायचं ठरवलं. फोन लागला की एकच मोकळा प्रश्न, ‘मी तुमची काय मदत करू?’, आणि माणूस जे बोलेल त्यावरून कॉल वळवायचा. त्यासाठी त्यांनी ग्राहक आणि ऑपरेटर यांच्यातली १०,००० खरी संभाषणं गोळा केली. तेव्हाचं यंत्र असं मोकळं बोलणं ऐकताना बरेच शब्द चुकीचे ओळखायचं. पण विषय ठरवायला सगळे शब्द लागतच नाहीत. काही तुकडे एकेका विषयाला चिकटलेले असतात. ते सापडले की बाकीचं वाक्य कसंही असो. आणि काहीच जुळलं नाही तर ‘इतर’ नावाचा कप्पा होता. माझ्या मते त्या कामातली सगळ्यात शहाणी गोष्ट हा कप्पाच.

मेसेजिंग ॲपनी यातली एक सोय काढून घेतली. वीचॅटमध्ये २०११ साली आणि व्हॉट्सॲपवर २०१३ साली व्हॉइस मेसेज आले. फोनवर यंत्र उलटून विचारू शकत होतं. व्हॉइस नोट पाठवणारा तोवर फोन खिशात टाकून मोकळा झालेला असतो. शिवाय एका नोटेत तीन विषय कोंबायला त्याला कोणी अडवत नाही. व्यवसायांसाठीचं वेगळं व्हॉट्सॲप २०१८ साली आलं आणि अशा नोटा थेट कंपनीच्या यंत्रणेत पडू लागल्या. आज तिथे येतं ते साधारण असं:

```json
"audio": {
  "id": "…",
  "mime_type": "audio/ogg; codecs=opus",
  "voice": true
}
```

यात आवाज नाही, फक्त ओळख क्रमांक आहे. तो देऊन पत्ता मागायचा आणि फाइल उतरवायची. तो पत्ता पाच मिनिटांत बाद होतो. उतरवण्याचं काम रांगेत मागे पडलं की फाइल हाती लागत नाही. नवा पत्ता मागावा लागतो. `voice` खरं असेल तर नोट ॲपमध्येच बोललेली. नाहीतर ती पाठवलेली ऑडिओ फाइल, म्हणजे कदाचित गाणंसुद्धा.

लिहून घेण्याचा प्रश्न बराचसा सुटला तो २०२२च्या सप्टेंबरात, व्हिस्पर खुलं झाल्यावर. ६,८०,००० तासांच्या आवाजावर शिकवलेलं हे मॉडेल बोलणं ३० सेकंदांच्या खिडकीतून ऐकतं आणि भाषा कोणती हे पहिल्या खिडकीवरून ठरवतं. आता ४८ सेकंदांची एक कल्पित नोट घ्या. ‘ते मिक्सर आलं, पण झाकण बसत नाहीये… थांबा हं…’ मग मागे कोणाशी तरी बोलणं, थोडी शांतता, आणि ३९व्या सेकंदाला, ‘आणि हो, पैसे दोनदा कापले गेलेत. ऑर्डर नंबर एकोणसाठ शून्य चार.’

लिहून आलेल्या मजकुरात ‘झाकण’चं ‘जाकन’ झालं, तरी ‘मिक्सर’ आणि ‘बसत नाही’ यांवरून नोट दुरुस्तीच्या टेबलावर बरोबर जाते. जुना धडा इथे कामाला येतो. पण ‘एकोणसाठ’चं ‘एकोणसत्तर’ झालं तर? वाक्य निर्दोष दिसतं, विषयही बरोबर, आणि ऑर्डर दुसऱ्याच कोणाची. म्हणून नंबर मजकुरातून जसाच्या तसा न उचलता, पाठवणाऱ्याच्या मोबाइल नंबरावर नोंदलेल्या ऑर्डरींशी ताडून बघावा लागतो. जुळला नाही तर माणसाने तेवढा तुकडा ऐकायचा.

मधली शांतता त्याहून फसवी. कोणी बोलत नसताना व्हिस्पर गप्प बसेलच असं नाही. कधी एखादं स्वच्छ, कधीच न उच्चारलेलं वाक्य लिहून टाकतं, कधी एकच शब्द पुन्हा पुन्हा. प्रत्येक तुकड्यासोबत येणारे `no_speech_prob` आणि `compression_ratio` हे आकडे इथे उपयोगी. पहिला जास्त असेल तर तिथे बहुधा कोणी बोललेलंच नाही. दुसरा नेहमीच्या २.४ या मर्यादेपलीकडे गेला तर मजकूर स्वतःलाच घोकतोय. शांत भाग आधीच कापून टाकला तर हा त्रास बराच कमी होतो.

राहता राहिले दोनदा कापलेले पैसे. एका नोटेला एकच विषय द्यायचा असा नियम असेल तर मिक्सर जिंकतो, कारण त्यावर बोलणं जास्त आहे, आणि हिशेबाच्या टेबलाला या नोटेचा पत्ताच लागत नाही. नोट एकाच वेळी दोन टेबलांवर गेली पाहिजे, आणि हिशेबवाल्याला ३९व्या सेकंदापासून ऐकता आलं पाहिजे.